फवारणी पंपावरची साठ टक्के सूट: एका किंमत-आलेखाचं वाचन

जुलैच्या ११ तारखेला सकाळी मी केंद्राचं शटर वर करत होतो, तेवढ्यात दाजींची मोटारसायकल येऊन थांबली. मोबाइल हातातच होता. परभणी-जिंतूर रस्त्यावर, बोरीच्या अलीकडं माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, गॅसची केवायसी ही कामं चालतातच, पण गेल्या तीन-चार वर्षांपासून गावातले निम्मे लोक ऑनलाइन ऑर्डरही माझ्याकडूनच टाकून घेतात. पत्ता केंद्राचा द्यायचा, कुरिअरवाला फाट्यावर पेटी ठेवून जातो आणि ज्याची त्यानं न्यायची.

दाजींना फवारणीचा बॅटरी पंप पाहिजे होता. महाडीबीटीवरच्या सरकारी अनुदानाच्या सोडतीत त्यांचा नंबर लागला नव्हता, जुन्या पंपाची बॅटरी अर्ध्या एकरात बसत होती आणि सोयाबीन पेरून सतरा दिवस झाले होते. उगवणीनंतरचं तणनाशक तण दोन-चार पानांवर असतानाच मारावं लागतं. ते हातभर झालं की औषधाला दाद देत नाही. म्हणजे त्यांच्या हातात फार तर तीन दिवस होते.

"बघ की, साठ टक्के सूट यायली," दाजींनी स्क्रीन माझ्यापुढं धरली. "परवा हाच पंप पस्तीसशेला होता. आज चोवीसशे. ॲपनं स्वतःहून मेसेज टाकला, तुमच्या यादीतल्या वस्तूची किंमत अकराशेनं उतरली म्हणून. आज नाही घेतला तर पुन्हा पस्तीसशे व्हायचा."

पंप सोळा लिटरचा, डबल मोटर, बारा-बाराच्या बॅटरीचा. (गावात पंप बॅटरीवरून ओळखतात. बारा-आठ म्हणजे बारा व्होल्ट, आठ अँपिअर-अवर. बारा-बारा म्हणजे त्याच्या दीडपट चालणारी.) छापील किंमत ५,९९९, तिच्यावर आडवी रेघ. खाली ठळक २,३९९ आणि बाजूला लाल पट्टीत '६०% सूट', '३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत'. घड्याळ उलटं धावत होतं.

दाजी खोटं बोलत नव्हते आणि खरं सांगायचं तर ॲपही एकाही आकड्यात खोटं बोलत नव्हतं. पुढचे दोन तास माझे त्यातच गेले.

एक महिना आणि एक वर्ष

किमतीचा इतिहास दाखवणाऱ्या वेबसाइट आता बऱ्याच आहेत. वस्तूची लिंक चिकटवली की आलेख येतो: आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर रुपये. त्यामागची यंत्रणा साधी असते. त्यांचा प्रोग्रॅम ठरावीक वेळानं वस्तूच्या पानावर जातो, दिसेल तो भाव टिपतो आणि तारखेसकट साठवून ठेवतो. लोक ज्या वस्तूंमागं लागलेले असतात त्यांच्यावर तो वारंवार चक्कर मारतो, बाकीच्यांवर दिवसातून एखादी.

आलेख उघडला तेव्हा वरच्या कोपऱ्यात '१ महिना' आपोआप निवडलेलं होतं. त्या खिडकीतून पाहिलं तर दाजींचंच म्हणणं बरोबर होतं. रेघ पायरी-पायरीनं वर गेलेली, सपाट झालेली आणि उजव्या टोकाला एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली आलेली. उभी रेघ शून्यापासून नाही तर दोन हजारांपासून सुरू होत होती, त्यामुळं कडा होता त्याहून उंच वाटत होता. खाली साइटचा शेरा: महिन्याची सरासरी ३,०८६, आजचा भाव सरासरीपेक्षा २२ टक्क्यांनी कमी, घ्यायला चांगली वेळ.

मग मी '१ वर्ष'वर बोट ठेवलं.

कडा गेला. त्याच्या जागी एक लांबलचक सपाट माळ आला आणि उजव्या टोकाला एक टेंगूळ. आलेखावर बोट फिरवलं की तारीख आणि भाव दिसतो, तसं मी डावीकडून उजवीकडं गेलो आणि ए-फोरच्या पाठकोऱ्या कागदावर उतरवत गेलो. गेल्या जुलैपासून फेब्रुवारीअखेर भाव २,३४९ होता. मध्ये दिवाळीच्या सेलमध्ये पाच दिवस २,०९९ झाला आणि परत जागेवर आला. मार्च ते एक जून, कोणी फवारत नाही त्या काळात, २,१९९. दोन जूनला २,४४९ झाला. एकोणीस जूनला २,९९९. सत्तावीस जूनला ३,४९९. अकरा जुलैला, म्हणजे आज, २,३९९.

"म्हणजे कुठं उतरला?" दाजी कागदाकडं बघत म्हणाले.

मी दिवस मोजले. वर्षातल्या ३६५ दिवसांपैकी २२८ दिवस पंप २,३४९ ला होता. ३,४९९ ला फक्त १४ दिवस. एखाद्या वस्तूचा नेहमीचा भाव कोणता, असं विचारलं तर मी सरासरीकडं जात नाही. सगळ्यांत जास्त दिवस कोणता भाव होता ते बघतो. सरासरीला चार दिवसांचा उंच भावही वर ओढतो, दिवसांच्या मोजणीला तो हलवू शकत नाही. इथं वर्षाची सरासरी काढली तरी ती २,३७० येते, म्हणजे सेलचा भाव तिच्याही वरच. नेहमीच्या भावापेक्षा पन्नास रुपये जास्त आणि मे महिन्यातल्या भावापेक्षा दोनशे जास्त, असा हा साठ टक्के सुटीचा सेल होता.

आणि त्या साठ टक्क्यांची गंमत वेगळीच. सूट मोजली होती छापील ५,९९९ वर. तोच हिशेब मे महिन्यातल्या २,१९९ ला लावला तर सूट ६३ टक्के येते. म्हणजे सेल नव्हता तेव्हा सूट जास्त होती. पंप ३,४९९ ला गेला तेव्हाही पानावर '४२% सूट' लिहिलेलंच असणार. एमआरपी ही कायद्यानं फक्त वरची मर्यादा आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे ती पेटीवर सर्व करांसह छापावी लागते आणि तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. पण ती किती छापायची, हे बनवणारा किंवा आयात करणारा ठरवतो. अडीच हजारांच्या आत विकायच्या पंपावर सहा हजार छापले तर तो नियमभंग होत नाही. मोंढ्यात कोणी या आकड्याकडं बघतही नाही. स्क्रीनवर मात्र टक्केवारी काढायला तोच लागतो.

चढ कशामुळं

इथपर्यंत पाहून 'आधी वाढवला, मग उतरवला' असं म्हणून पान बंद करावं, असंच कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण सेलच्या आधी भाव चढलेला दिसण्याला निदान तीन निरुपद्रवी कारणं असू शकतात आणि ती बाजूला काढल्याशिवाय विक्रेत्यावर बोट ठेवणं मला पटत नाही. एकदा एका मिक्सरच्या बाबतीत मी असाच घाईनं निकाल देऊन बसलो होतो आणि तोंडावर पडलो होतो.

पहिलं कारण, विक्रेता बदलणं. ॲपवरच्या एकाच पानामागं पाच-सहा दुकानदार असू शकतात. स्वस्त देणाऱ्याचा माल संपला की पान आपोआप पुढच्याचा भाव दाखवतं. आलेखाला माणूस दिसत नाही, आकडा दिसतो; त्यामुळं तिथं चढ उमटतो. जुना दुकानदार माल भरून परत आला की भाव खाली येतो आणि तो उतार सेलच्या तारखेला जुळला तर सगळं बनावट वाटतं. त्या मिक्सरचं हेच झालं होतं.

दुसरं, प्रकार बदलणं. बारा-आठ आणि बारा-बारा हे दोन्ही पंप एकाच पानावर असतात, वर बटण दाबून निवडायचे. लिंक कुठल्या प्रकाराची घेतली त्यावर आलेख कुठला येणार ते ठरतं. हे तपासायला मिनिट लागलं नाही. आलेखाच्या शीर्षकात बारा-बाराच होता आणि पानावरही तोच निवडलेला होता.

तिसरं, हंगाम. जून-जुलैत पंपाला मागणी असते, भाव थोडा चढणारच. यासाठी आलेखाचं डावं टोक बघायचं. गेल्या वर्षीही याच दिवसांत तणनाशकं मारली गेली, ऑगस्टमध्ये अळीसाठी फवारण्या झाल्या आणि ११ जुलैपासून सप्टेंबरअखेर भाव २,३४९ वरून हलला नव्हता. गेल्या हंगामात जो चढ आला नाही तो यंदा हंगामामुळं आला, हे म्हणणं टिकत नाही. शिवाय नव्या मोंढ्यातल्या एका कृषी सेवा केंद्राला मी फोन लावला. मे महिन्यात एका गिऱ्हाइकासाठी मी त्यांना असल्याच पंपाचा भाव विचारला होता, तेव्हा अडीच हजार सांगितला होता. आजही अडीच हजारच. "वरून माल महागला नाही, मी कशाला वाढवू?" दुकानदार म्हणाले.

राहिलं पहिलं कारण. आणि इथं केंद्राचा उपयोग झाला. ऑर्डर माझ्या खात्यातून जातात, म्हणून बिलांच्या पीडीएफ माझ्याकडं राहतात. हाच पंप मी दोनदा मागवला होता. एकदा मे महिन्याच्या ९ तारखेला एका गिऱ्हाइकासाठी आणि दुसऱ्यांदा ३ जुलैला, केंद्राशेजारच्या मामांसाठी. मामांचा जुना पंप फुटला होता, घाई होती, त्यांनी भावाकडं बघितलंच नाही.

दोन्ही बिलं शेजारी-शेजारी उघडली. विक्रेत्याचं नाव एकच. नाव सारखं असून फर्म वेगळी असू शकते, म्हणून जीएसटी क्रमांक ताडून पाहिला: पंधराही अक्षरं-आकडे जुळले. सुरुवातीचे दोन अंक २४, म्हणजे गुजरातमधली नोंदणी. आपल्या राज्याचे २७ असतात. मे महिन्यात याच माणसानं २,१९९ चा पंप शंभराचं कूपन लावून २,०९९ ला दिला होता. जुलैत त्याच माणसानं तोच पंप मामांना ३,४९९ ला दिला.

कूपनचं आलेखात कुठंच दिसत नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. आलेख पानावरचा भाव टिपतो. पानावर टिचकी मारून घ्यायचं कूपन, ठरावीक बँकेच्या कार्डावरची सूट, पिनकोडप्रमाणं बदलणारा डिलिव्हरीचा खर्च हे त्याच्या हिशेबात नसतं. कधी ते विक्रेत्याच्या बाजूनं जातं, कधी गिऱ्हाइकाच्या. या सेलमध्येही एका बँकेच्या क्रेडिट कार्डावर दहा टक्के आणखी सूट होती. ते कार्ड ज्याच्याकडं आहे त्याला पंप खरोखरच २,१५९ ला, म्हणजे मे महिन्यात पानावर असलेल्या भावापेक्षा थोडा स्वस्त, बसला असता. दाजींकडं जिल्हा बँकेचं खातं आणि पेटीएम. त्यांचा भाव २,३९९ च.

दोन चढांची दोन कामं

आता प्रश्न असा की साठ टक्के तर एमआरपीवरच निघत होते, मग भाव चढवायची गरजच काय होती?

यावर मी बराच वेळ विचार केला. उत्तर तारखांमध्ये आहे असं मला वाटतं. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांच्या सेलमध्ये उतरायचं तर विक्रेत्याला साधारणपणे अलीकडच्या भावापेक्षा ठरावीक टक्के खाली यावं लागतं. आणि '३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत' ही पट्टी तर मागच्या तीस दिवसांकडंच बघते. अकरा जुलैपासून तीस दिवस मागं गेलो तर अकरा जून येतो. त्या दिवशी भाव होता २,४४९. आजचा २,३९९ त्याच्यापेक्षा पन्नासनं कमी. म्हणजे पट्टी अक्षरशः खरी.

पण एक जूनपर्यंत पंप २,१९९ ला होता. तो भाव तीस दिवसांच्या खिडकीत राहिला असता तर ही पट्टी मिळाली नसती. दोन जूनला अडीचशेची वाढ झाली ती दिसायला किरकोळ, कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही अशी. पण तिनं २,१९९ ला खिडकीबाहेर काढलं. मग एकोणीस आणि सत्तावीस जूनच्या वाढींनी दुसरं काम केलं: अकराशेची पडझड दाखवायला उंची तयार केली. ज्यांनी पंप यादीत टाकून ठेवला होता त्या सगळ्यांना 'किंमत उतरली' असा मेसेज गेला तो याच उंचीमुळं. लोक पान रोज उघडत नाहीत. मेसेज आला की उघडतात.

हे सगळं मुद्दाम केलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. भाव आपोआप बदलणारी सॉफ्टवेअर विक्रेते वापरतात आणि मागणी वाढली की ती भाव चढवतात. पण त्यांची चाल सहसा वेगळी दिसते. भाव दिवसातून दोन-तीनदा हलतो, आकडे २,४८७, २,५१२ असे वेडेवाकडे येतात, रेघ करवतीसारखी दिसते. इथं रेघ जिन्यासारखी होती आणि प्रत्येक पायरी एकोणपन्नास किंवा नव्याण्णववर संपणारी. माझा कौल माणसाच्या हाताकडं जातो.

युरोपीय संघात अशा प्रकाराला एक नियम लावला आहे. २८ मे २०२२ पासून तिथं दुकानदारानं सूट जाहीर केली की आधीचा भाव म्हणून मागच्या किमान तीस दिवसांतला सर्वांत कमी भाव सांगावा लागतो. त्यातही पळवाट निघाली होती. एका सुपरमार्केट साखळीनं तो सर्वांत कमी भाव बारीक अक्षरात छापला, पण टक्केवारी मात्र सूट सुरू होण्याच्या लगेच आधीच्या भावावर काढली. २६ सप्टेंबर २०२४ ला युरोपीय न्यायालयानं ते अडवलं; टक्केवारीही त्या सर्वांत कमी भावावरच काढली पाहिजे असं सांगितलं. आपल्या पंपाला हा नियम लावला तर लाल पट्टीत साठ लिहिता येणार नाही, ३,४९९ वर निघणारे एकतीसही नाही. २,४४९ वरून २,३९९ म्हणजे दोन टक्के. 'दोन टक्के सूट' असं लिहून घड्याळ उलटं पळवायला कोणाला लाज वाटली असती की नाही, कुणास ठाऊक.

पण तो नियम आपल्याकडं असता तरी सगळं सुटलं नसतं, हेही याच प्रकरणात दिसतं. समजा विक्रेत्यानं दोन जूनलाच सरळ ३,४९९ केले असते आणि चाळीस दिवस तसेच ठेवले असते. तीस दिवसांतला सर्वांत कमी भाव ३,४९९ च झाला असता आणि एकतीस टक्के नियमात बसले असते. मात्र त्यासाठी त्याला चाळीस दिवस गिऱ्हाईक गमवावं लागलं असतं, ऐन पेरणीच्या तोंडावर. नियमाचा खरा जोर तिथं आहे: फसवणूक अशक्य होत नाही, महाग होते.

आपल्या कायद्यात तीस दिवसांसारखी मोजपट्टी नाही. पण अगदीच काही नाही असंही नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. वस्तू सर्वसाधारणपणे कोणत्या भावानं विकली जाते याबद्दल लोकांची दिशाभूल करणं त्यात बसतं. 'सर्वसाधारणपणे' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण २२८ दिवस विरुद्ध १४ दिवस ही मोजणी थेट त्याच शब्दाला जाऊन भिडते.

मामांची तक्रार

आम्ही हे बोलत असताना मामा चहाचा ग्लास घेऊन आत आले आणि त्यांनी कागदावरचा ३,४९९ बघितला. मग काय, विषय फिरला.

"म्हणजे माझ्याकडून अकराशे जास्त घेतले?"

घेतले होते, पण त्यात बेकायदा काही नव्हतं. एमआरपी ५,९९९ होती, ३,४९९ तिच्या आत. परत करायची सोयही नव्हती. पंपाला सात दिवसांत फक्त 'बदलून मिळेल', पैसे परत नाहीत. मामांनी पंप चार एकरांवर वापरलाही होता. तरी त्यांचं समाधान व्हावं म्हणून १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला आणि तक्रार नोंदवली. मी त्यांना आधीच सांगितलं की 'मला महाग पडला' असं म्हणू नका, ते चालत नाही. मुद्दा असा मांडायचा की सेलच्या पानावर जो जुना भाव गृहीत धरून 'अकराशेनं उतरली' म्हटलंय, तो या वस्तूचा नेहमीचा भावच नव्हता. सोबत जोडलं काय, तर दोन्ही बिलं, सेलच्या पानाचा आणि दाजींना आलेल्या मेसेजचा स्क्रीनशॉट आणि वर्षाचा आलेख.

यातलं वजनदार काय होतं, तर बिलं. आलेख तिसऱ्याच कोणीतरी काढलेला असतो; समोरचा म्हणू शकतो की तो चुकीचा आहे. विक्रेत्यानंच दिलेल्या बिलावरचा भाव, तारीख आणि जीएसटी क्रमांक त्याला नाकारता येत नाही. म्हणून पंपासारखी वस्तू घेताना बिलाची पीडीएफ उतरवून ठेवा असं मी आता प्रत्येकाला सांगतो. ॲपमधलं पान उद्या बदलतं. काही विक्रेते तर जुनी नोंद बंद करून त्याच मालाची नवी नोंद टाकतात. मग आलेखही कोरा, दोन आठवड्यांचा. वर्षभर विकल्या जाणाऱ्या वस्तूला दोन आठवड्यांचाच इतिहास दिसला तर मी त्या टक्केवारीकडं बघतही नाही.

आठ दिवसांनी ॲपच्या कंपनीचं उत्तर आलं. भाव विक्रेता ठरवतो, बाजारपेठेचा त्यात सहभाग नसतो. सूट एमआरपीवर मोजलेली आहे. ग्राहकानं मान्य केलेल्या किमतीत वस्तू पोचवलेली आहे. तिन्ही वाक्यं खरी. परदेशी गुंतवणुकीच्या धोरणात बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीनं विक्रीच्या भावात ढवळाढवळ करायची नाही असंच आहे, त्यामुळं पहिलं वाक्य त्यांना तयारच मिळतं. 'किंमत उतरली' हा मेसेज कोणी पाठवला, यावर मात्र एक अक्षर नव्हतं. तो तर विक्रेत्यानं पाठवलेला नव्हता. मामांना पुढं ग्राहक आयोगाकडं जायचं नव्हतं. "अकराशेसाठी परभणीच्या चकरा कोण मारणार?" त्यांचंही बरोबरच.

दाजींचं काय झालं ते राहिलंच. कागदावरचा हिशेब बघून ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "पण मला तर पंप आजच लागतोय. पन्नास रुपये जास्त म्हणून मी तण वाढू द्यू का?" हेही खरं होतं. सेल खोटा असला म्हणून भाव वाईट ठरत नाही. २,३९९ ला पंप काही लुटालुटीचा नव्हता. पण ऑर्डर टाकली असती तर आमच्या पिनकोडला पेटी १५ तारखेला येणार होती. तण तोवर थांबलं नसतं. दाजी त्याच दुपारी मोंढ्यात गेले, अडीच हजारांना पंप घेतला आणि पक्कं बिल घेतलं. बॅटरी सहा महिन्यांत गेली तर दुकानातच बदलून मिळणार होती. ऑनलाइनपेक्षा एकशे एक रुपये जास्त. बारा तारखेला सकाळी त्यांनी फवारणी उरकली, संध्याकाळी पाऊस आला.

सेल पंधरा जुलैला संपला. तो पंप परत ३,४९९ ला जातो का, हे मला बघायचं होतं, कारण तो खरंच नेहमीचा भाव असेल तर तिथंच परत जायला हवा. मी रोज सकाळी शटर उघडलं की आलेख बघत होतो. सोळा आणि सतराला २,४४९ दिसला. अठराला २,३४९ झाला आणि तिथंच सपाट राहिला, सेलपेक्षा पन्नास रुपयांनी स्वस्त. या वेळी ॲपनं कोणाला मेसेज टाकला नाही. मामांनाही मी हा आकडा अजून सांगितलेला नाही.